पंचवीस पानांची वाटणी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या सेमिनार रिपोर्टला साधारण पंचवीस-तीस पानांची मर्यादा असते. विषय मात्र त्यात मावणारा क्वचितच मिळतो. विद्यार्थ्याच्या फोल्डरमध्ये आठ-दहा शोधनिबंध, एक लांबलचक आढावा-लेख, कंपनीचे माहितीपत्रक, एखादे भारतीय मानक, वर्गातल्या नोट्स आणि इकडून तिकडून उचललेली चित्रे जमा झालेली असतात. या ढिगाऱ्याची प्रकरणे कशी पाडायची आणि प्रत्येकाला किती पाने द्यायची, हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटत असले तरी ते एकत्रच सोडवावे लागतात. ते कसे सोडवायचे हे स्थापत्य शाखेतल्या एका लोकप्रिय विषयावरून पाहता येईल. हा विषय म्हणजे तडे आपोआप भरून काढणारे जीवाणू-काँक्रीट.

विषय थोडक्यात असा. काँक्रीटला बारीक तडे जातात, त्यांतून पाणी आत शिरते आणि सळ्या गंजतात. काँक्रीट कालवतानाच काही विशिष्ट जीवाणूंचे बीजाणू आणि त्यांचे खाद्य त्यात मिसळले, तर तडा गेल्यावर आत आलेल्या पाण्याने बीजाणू जागे होतात, खाद्य वापरतात आणि तड्यात चुनखडी साठवतात. नेदरलँड्समधील डेल्फ्ट, बेल्जियममधील गेंट आणि अमेरिकेतील काही विद्यापीठांत यावर बरेच काम झाले आहे. त्यामुळे साहित्य मुबलक मिळते आणि अडचणीही तिथूनच सुरू होतात.

पहिला खर्डा बहुधा असा तयार होतो. ‘प्रस्तावना’ ११ पाने, कारण सिमेंटचा इतिहास रोमन काळापासून सांगितलेला असतो आणि काँक्रीटचे सारे प्रकारही येऊन जातात. ‘लिटरेचर सर्व्हे’ १२ पाने, त्यात दर निबंधाला एक पान. ‘कार्यपद्धती’ ३, ‘चाचण्या’ ५, ‘उपयोग’ २ आणि ‘निष्कर्ष’ १. एकूण ३४ पाने. मर्यादा २५ पानांची असेल तर ९ पाने जास्त झाली. पण मुख्य दोष तो नाही. जीवाणू तडा नेमका कसा भरतो हे सांगायला ३ पाने आणि सिमेंटचा जन्म सांगायला त्याहून अधिक, हा खरा दोष. रिपोर्ट तपासणाऱ्या प्राध्यापकांची नजर अनुक्रमणिकेवर गेली की तो लगेच दिसतो.

असे होण्याचे कारण उघड आहे. विद्यार्थी एकामागून एक निबंध वाचतो आणि वाचेल त्या क्रमाने लिहीत जातो, त्यामुळे प्रकरणांची विभागणी स्रोतांनी ठरते. जो स्रोत सोपा आणि लांब त्याला जास्त पाने, जो अवघड आणि नेमका त्याला कमी. प्रस्तावनेचे साहित्य पाठ्यपुस्तकात आयते मिळते म्हणून ती फुगते. रासायनिक क्रियेचे वर्णन समजून घेऊन लिहावे लागते म्हणून ते तीन पानांत आटोपते. म्हणजे पानांची वाटणी विषयाच्या गरजेने होत नाही, साहित्य किती सहज मिळाले यावर होते.

यावर उपाय म्हणजे लिहायला बसण्याआधी विषयाचे प्रश्न पाडणे. जीवाणू-काँक्रीटचे प्रश्न सहज सुचतात. तडा किती रुंद झाला की तो घातक? जीवाणू त्यात काय करतात? काँक्रीटच्या तीव्र अल्कधर्मी वातावरणात ते जिवंत कसे राहतात? तडा खरोखर भरला हे कसे मोजतात आणि आकडे काय सांगतात? खर्च आणि मर्यादा काय आहेत? असे पाच प्रश्न झाले. एका मोठ्या कागदावर किंवा स्प्रेडशीटवर हे प्रश्न आडव्या ओळीत मांडायचे आणि स्रोत उभ्या रांगेत. मग एकेक स्रोत वाचताना त्यातले जे ज्या प्रश्नाचे उत्तर असेल ते त्या चौकोनात एका-दोन वाक्यांत टिपायचे. टीप स्वतःच्या शब्दांत असावी, शेजारी पान क्रमांक असावा, आणि आकडा असेल तर तो कोणत्या परिस्थितीतला तेही लिहावे. मराठीत विचार करणाऱ्याने टिपा मराठीत केल्या तरी चालते. रिपोर्टची भाषा इंग्रजी असली तरी स्रोताची वाक्ये जशीच्या तशी उतरण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

तक्ता भरत आला की दोन गोष्टी आपोआप दिसू लागतात. काही ओळी जवळजवळ रिकाम्या राहतात. कंपनीच्या माहितीपत्रकातून फक्त ‘खर्च’ या स्तंभात एक नोंद पडते, म्हणजे त्यावर वेगळे प्रकरण होणार नाही. आणि काही स्तंभ गच्च भरतात. ‘जीवाणू जिवंत कसे राहतात’ या स्तंभात निबंधामागून निबंधाची नोंद येते. पहिल्या खर्ड्यात त्याला स्वतंत्र जागाच नव्हती. प्रत्यक्षात संशोधकांचे बरेच कष्ट याच प्रश्नावर खर्च झालेले आहेत, म्हणून तिथे एक मोठे प्रकरण हवे हे तक्ताच सांगतो.

या स्तंभातल्या नोंदी कालक्रमाने लावल्या की त्यांची एक गोष्ट तयार होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या हेंक योंकर्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात बीजाणू थेट सिमेंटमध्ये मिसळले होते. ते चार महिन्यांपर्यंतच जगक्षम राहिले. सिमेंट घट्ट होताना त्यातली छिद्रे एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे बीजाणूच्या आकारापेक्षा, बारीक होत जातात, आणि याचमुळे बीजाणूंचे आयुष्य मर्यादित राहत असावे असा अंदाज त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षीच्या विक्टर आणि योंकर्स यांच्या कामात बीजाणू आणि खाद्य सच्छिद्र फुगवलेल्या मातीच्या कणांत बंद करून टाकले आहेत. २०१२ मध्ये गेंटच्या गटाने सिलिका जेल आणि पॉलियुरेथेन अशी दोन वाहक-द्रव्ये ताडून पाहिली. सिलिका जेलमध्ये जीवाणूंची क्रिया अधिक आणि चुनखडीही अधिक. तरीही तडा भरल्यावर ताकद परत येण्याचे प्रमाण पॉलियुरेथेनमध्ये सुमारे ६० टक्के आणि सिलिका जेलमध्ये सुमारे ५ टक्के. याचा अर्थ असा की जीवाणू किती काम करतात आणि काँक्रीट किती सावरते हे एकच नाही. पॉलियुरेथेन स्वतःच तडा चिकटवून धरते, हे त्याचे एक कारण. तीन निबंध तीन वेगळ्या पानांवर ठेवले असते तर हा विचार कुठेच उमटला नसता. एका स्तंभात ते शेजारी आले म्हणून पाच पानांचे प्रकरण उभे राहिले.

इथे एक अडचण हमखास येते. अनेक महाविद्यालयांच्या फॉरमॅटमध्ये ‘लिटरेचर सर्व्हे’ हे प्रकरण सक्तीचे असते. ते काढून टाकता येत नाही, पण त्याचे काम बदलता येते. निबंधांचे सारांश एकाखाली एक लिहिण्याऐवजी क्षेत्राचा नकाशा थोडक्यात द्यावा: २००१ साली अमेरिकेत रामचंद्रन, रामकृष्णन आणि बँग यांनी सूक्ष्मजीवांनी काँक्रीट दुरुस्त करण्याचा प्रयत्न मांडला, पुढे यूरिया विघटित करणाऱ्या जीवाणूंवर भर राहिला, मग डेल्फ्टमध्ये कॅल्शियम लॅक्टेटवर जगणाऱ्या जीवाणूंची वाट निघाली, आणि आजचे मुख्य प्रश्न कोणते. यासाठी ३ पाने पुरतात. प्रत्येक निबंधाचा तपशील त्याच्या प्रश्नाच्या प्रकरणात जातो. सर्व्हेमध्ये ‘अमुकाने हे केले, तमुकाने ते केले’ अशी वाक्यांची रांग दिसली, तर ते प्रकरण अजून तक्त्याच्या ओळींतून लिहिले जात आहे, स्तंभांतून नाही, असे समजावे.

प्रकरणे ठरली की पाने वाटायची. इथे लक्षात ठेवायचे ते एवढेच की समतोल म्हणजे समान पाने नव्हेत. प्रत्येक प्रकरणाला त्याच्या प्रश्नाच्या वजनाइतकी जागा मिळाली की समतोल साधतो. जीवाणू-काँक्रीटच्या २५ पानांची एक चांगली वाटणी अशी होऊ शकते: प्रस्तावना आणि तड्यांची समस्या ४, सर्व्हे ३, जीवाणूंची क्रिया ५, त्यांना वाहून नेण्याच्या पद्धती ५, चाचण्या आणि निकाल ५, खर्च व मर्यादा २, निष्कर्ष १. मधली तीन प्रकरणे मिळून १५ पाने होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक. याउलट पहिल्या खर्ड्यात प्रस्तावना आणि सर्व्हे मिळूनच २३ पाने खाऊन टाकत होते.

ही पाने शब्दांत मोजून ठेवणे उपयोगी पडते. ए-४ कागद, बारा पॉइंटचा अक्षर आकार आणि दीड ओळीचे अंतर धरले तर मजकुराच्या एका पानावर साधारण तीनशे ते साडेतीनशे इंग्रजी शब्द बसतात. पाच पानांचे प्रकरण म्हणजे दीड हजार शब्दांच्या आसपास. त्यातून आकृत्यांची जागा वजा करायची. सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या तड्याच्या दोन छायाचित्रांना एक पान जाते हे आधीच धरले नाही, तर पाच पानांत तीन पाने चित्रांची आणि दोनच मजकुराची अशी स्थिती होते. पाने समतोल दिसतात आणि मजकूर दुबळा राहतो. मोजताना पानांबरोबर शब्दही मोजावेत ते याचसाठी.

लिहिण्याचा क्रम आणि रिपोर्टमधला क्रम एक असायला हवा असे नाही. आधी मधली प्रकरणे लिहावीत, कारण त्यांतूनच प्रस्तावनेत नेमके काय लागणार हे कळते. क्रियेच्या प्रकरणाला तड्याची रुंदी आणि पाण्याचा शिरकाव एवढ्याच दोन कल्पना आधी माहीत असाव्या लागतात. सिमेंटचा इतिहास तिला लागत नाही, म्हणून तो गळतो आणि ११ पानांची प्रस्तावना ४ पानांवर येते. यात रडारड फारशी होत नाही, कारण काय सोडायचे याचे उत्तर पुढच्या प्रकरणाकडून मिळालेले असते. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मात्र सर्वांत शेवटी लिहावा.

क्रियेच्या प्रकरणाला ५ पाने का लागतात हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कॅल्शियम लॅक्टेट वापरणाऱ्या जीवाणूंची क्रिया कागदावर एका ओळीची आहे:

```
CaC6H10O6 + 6O2 → CaCO3 + 5CO2 + 5H2O
```

पण ही ओळ नुसती देऊन थांबले तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की पाच भाग कार्बन डायऑक्साइडचे काय होते. तो काँक्रीटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी मिळतो आणि आणखी चुनखडी तयार होते; म्हणजे पहिल्या पायरीत एक रेणू चुनखडी मिळत असली तरी दुसऱ्या पायरीत आणखी पाच मिळू शकतात. शिवाय ही क्रिया प्राणवायू वापरते, त्यामुळे सळीपर्यंत पोहोचणारा प्राणवायू कमी होऊन गंजण्याला अडथळा होऊ शकतो. दुसऱ्या वाटेत, यूरियाच्या विघटनात, अमोनिया बाहेर पडतो, म्हणून पर्यावरणाचा वेगळा विचार करावा लागतो. दोन्ही वाटांची तुलना, बीजाणू जागे होण्याच्या अटी आणि एक आकृती धरली की ५ पाने सहज भरतात, आणि ती भरीव असतात.

समतोलाची खरी परीक्षा चाचण्यांच्या प्रकरणात होते, कारण तिथे वेगवेगळ्या स्रोतांचे आकडे एकत्र येतात. विक्टर आणि योंकर्स यांच्या निष्कर्षानुसार, शंभर दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यावर जीवाणूयुक्त नमुन्यांत ०.४६ मिलिमीटरपर्यंतचे तडे भरले. अनेक रिपोर्टांत हे वाक्य एवढेच येते आणि वाचणारा थक्क होतो. पण त्याच निबंधात जीवाणू नसलेल्या नमुन्यांतही ०.१८ मिलिमीटरपर्यंतचे तडे भरल्याचे नोंदवले आहे. काँक्रीटला स्वतःची थोडी सावरण्याची ताकद असतेच. म्हणून जीवाणूंची कमाई ०.१८ ते ०.४६ या पट्ट्यातली आहे, शून्यापासून ०.४६ पर्यंतची नाही.

आता शेजारी भारतीय मानक ठेवावे. आयएस ४५६ : २००० मध्ये तड्यांच्या रुंदीची मर्यादा सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटर, सतत ओलाव्यात किंवा माती-पाण्याशी संपर्कात असणाऱ्या भागांसाठी ०.२ मिलिमीटर आणि अतितीव्र वातावरणात ०.१ मिलिमीटर अशी सांगितली आहे. ०.२ मिलिमीटरचा टप्पा आणि ०.१८ ही नैसर्गिक भरण्याची मर्यादा जवळजवळ एकाच जागी येतात. म्हणजे ओलाव्यातल्या भागात मर्यादेच्या आतला तडा पुष्कळदा जीवाणूंविनाही भरू शकतो. जीवाणूंचा उपयोग दिसतो तो मर्यादा ओलांडलेल्या तड्यात. त्याच वेळी दुसरी अट विसरता येत नाही: नमुने शंभर दिवस पाण्यात बुडालेले होते. छताच्या कोरड्या तुळईला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. हे दोन परिच्छेद रिपोर्टमध्ये असतील तर विद्यार्थ्याने स्रोत फक्त गोळा केलेले नाहीत, एकमेकांवर घासून पाहिले आहेत, हे तपासणाऱ्याला कळते. व्हायवात प्रश्नही याच जागी येतो.

आकडे एकत्र आणताना एक चूक वारंवार होते. एका निबंधात निकाल २८ दिवसांचा, दुसऱ्यात १०० दिवसांचा. एकात तडा किती भरला ते सूक्ष्मदर्शकाने मोजलेले, दुसऱ्यात पाणी झिरपण्याचा वेग, तिसऱ्यात ताकद. हे सगळे एकाच तक्त्यात ‘परिणाम’ या शीर्षकाखाली टाकले की तक्ता नीटनेटका दिसतो आणि खोटा असतो. तक्त्याला ‘मोजमापाची पद्धत’ आणि ‘कालावधी’ असे दोन स्तंभ जोडले, तर कोणत्या ओळींची तुलना चालते आणि कोणत्या ओळींची चालत नाही हे दिसते. पुष्कळदा तुलनेला फक्त दोनच ओळी उरतात. तसे झाले तर ते तसेच सांगावे.

मजकूर एका प्रकरणातून दुसऱ्यात हलवताना संदर्भ क्रमांकांचा गोंधळ होतो. बहुतेक अभियांत्रिकी रिपोर्टांत संदर्भ चौकटी कंसातल्या क्रमांकांनी देतात आणि ते आल्या क्रमाने लावतात. खर्डा लिहितानाच क्रमांक टाकले आणि नंतर परिच्छेद हलवला, तर ७ क्रमांकाचा स्रोत ३ च्या आधी येतो आणि मग एकेक दुरुस्त करत बसावे लागते. म्हणून खर्ड्यात क्रमांकाऐवजी लेखकाचे आडनाव आणि वर्ष लिहावे, क्रमांक शेवटी बदलावेत. झोटेरोसारखे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरले तर हा त्रास राहत नाही, पण त्यातल्या नोंदींचे वर्ष आणि शीर्षक एकदा डोळ्यांखालून घालावेच लागते.

शेवटची तपासणी फार वेळ खात नाही. वर्डमध्ये शीर्षकांना हेडिंग स्टाइल लावली की ‘Navigation Pane’मध्ये सगळा सांगाडा उभा दिसतो. त्यात ३.२ खाली ३.२.१ आहे पण ३.२.२ नाही, असे कुठे आढळले तर ते पोटशीर्षक अनावश्यक आहे किंवा त्याचा जोडीदार लिहायचा राहिला आहे. एका प्रकरणाला दहा पोटशीर्षके आणि शेजारच्याला एकही नाही, असे असेल तर एक तुकडे-तुकडे झालेले आहे किंवा दुसऱ्यात परिच्छेदांची रचना हरवली आहे. मग प्रत्येक प्रकरण निवडून शब्दसंख्या पाहावी आणि ठरवलेल्या आकड्याशी ताडावी. २०-२५ टक्क्यांचा फरक चालवून घ्यायला हरकत नाही. त्याहून मोठा फरक असेल तर आधी कारण शोधावे आणि मगच मजकूर कापावा.

कारणे सहसा दोनच असतात. एखादे प्रकरण फुगले असेल तर त्यात दोन प्रश्न शिरलेले असतात. चाचण्यांच्या प्रकरणात बीजाणू कसे वाढवतात याची प्रयोगशाळेतली कृती आली असेल तर ती परिशिष्टात जाऊ शकते. एखादे प्रकरण रोडावले असेल तर त्याचा स्तंभ तक्त्यातच रिकामा होता. ‘खर्च व मर्यादा’ या प्रकरणाचे असे वारंवार होते, कारण खर्चाचे विश्वासार्ह आकडे कमी मिळतात. तिथे पाणी घालून दोन पानांची चार करण्यापेक्षा ते प्रकरण निकालांच्या शेवटी एका विभागात मिसळावे, किंवा दोनच पाने ठेवून काय माहीत नाही ते स्पष्ट लिहावे. फॉरमॅटमध्ये ‘उपयोग’ हे प्रकरण सक्तीचे असेल आणि प्रत्यक्ष बांधकामातली उदाहरणे मोजकीच सापडली असतील, तर गाईडशी बोलून ‘उपयोग व मर्यादा’ असे एकच शीर्षक घेता येते. बहुतेक गाईड याला हरकत घेत नाहीत, कारण त्यांनाही दीड पानाचे प्रकरण बघायला आवडत नाही.

निष्कर्षाचे एक पान शेवटी लिहिले जाते, आणि सर्वांत घाईत. त्यात नवीन माहिती येता कामा नये. प्रश्नांच्या तक्त्यातला प्रत्येक स्तंभ घ्यावा आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत लिहावे. जीवाणू-काँक्रीटच्या बाबतीत पाच प्रश्नांची दहा वाक्ये होतात आणि पान भरते. एखाद्या स्तंभाचे उत्तर दोन वाक्यांत देता आले नाही, तर त्या प्रकरणाचे काम अपुरे राहिले आहे, आणि परत जायचे ठिकाण तेच.